तुलनेला विक्रीच नसेल, तर जुन्या वस्तूचे मोल कसे ठरवायचे?

रेवस : रेवस बंदरापासून मांडवा, किहीम, अलिबागमार्गे चौल-रेवदंड्यापर्यंतच्या पट्ट्यात जमिनींना मागणी वाढली तशी जुनी घरे आणि वाडे वाटणीला निघू लागले. जमिनीचा दर शासनाच्या वार्षिक मूल्यदर तक्त्यात मिळतो. सोन्याचा दर रोजच्या वृत्तपत्रात छापून येतो. मात्र देवघराच्या कोनाड्यात ठेवलेली आणि खंडेनवमीला पूजली जाणारी एखादी जुनी तलवार वाटणीत आली की सारेच अडतात. भंगाराचा व्यापारी पाच-सात हजार सांगतो, जुन्या वस्तूंचा व्यापारी चाळीस हजार सांगतो आणि घरातला कोणीतरी राज्य शासनाने सत्तेचाळीस लाखांना घेतलेल्या तलवारीची आठवण करून देतो. या तीन आकड्यांपैकी कोणता धरायचा, हा प्रश्न भावनेचा नसून पद्धतीचा आहे.

घर किंवा मोटारगाडी यांची किंमत ठरवताना त्याच भागातील आणि त्याच प्रकारच्या दहा-वीस अलीकडच्या विक्रींशी तुलना करता येते. नाव कोरलेल्या ऐतिहासिक तलवारीच्या बाबतीत मात्र तशी विक्री पन्नास वर्षांत एकदाच झालेली असते किंवा झालेलीच नसते. अशा वेळी त्या एकमेव विक्रीचा आकडा उचलून आपल्या वस्तूला चिकटवणे ही सर्वांत मोठी चूक ठरते. त्याऐवजी ती विक्री उलगडून पाहावी लागते. त्या आकड्यात काय काय मिसळले होते आणि त्यातले आपल्या वस्तूला लागू पडणारे किती, हे वेगळे काढणे म्हणजेच मूल्यांकन. महाराष्ट्रापुरते बोलायचे तर यासाठी २०२५ मधील रघुजी भोसले यांच्या तलवारीचा लिलाव हे उत्तम उदाहरण आहे.

३८,१०० पौंडांत काय होते?

नागपूरच्या भोसले घराण्याचे संस्थापक आणि छत्रपती शाहू महाराजांकडून ‘सेनासाहेब सुभा’ ही पदवी मिळालेले पहिले रघुजी भोसले (निधन १७५५) यांच्या नावाची तलवार २९ एप्रिल २०२५ रोजी लंडन येथे सदबीज या लिलावगृहात विक्रीस आली. लिलावगृहाने तिचा अंदाज ६,००० ते ८,००० पौंड असा छापला होता. प्रत्यक्षात ती ३८,१०० पौंडांना गेली. महाराष्ट्र शासनाने एका मध्यस्थामार्फत ती घेतली आणि १८ ऑगस्ट २०२५ रोजी ती मुंबईत आणण्यात आली. हाताळणी, वाहतूक आणि विमा धरून एकूण खर्च ४७ लाख १५ हजार रुपये झाल्याचे शासनाने जाहीर केले.

या एका व्यवहारात चार वेगवेगळे आकडे आहेत आणि चारांचा अर्थ वेगळा आहे. पहिला आकडा अंदाजाचा. लिलावगृहाचा अंदाज म्हणजे तज्ज्ञाने दिलेले मूल्यांकन नव्हे. खरीददाराला बोलीसाठी बोलावण्याचे ते साधन असते. विक्रेत्याची गुप्त किमान किंमत सर्वसाधारणपणे अंदाजाच्या खालच्या आकड्यापेक्षा जास्त ठेवता येत नाही. त्यामुळे वस्तू विकली जावी असे ज्याला वाटते, तो अंदाज मुद्दाम कमीच ठेवू देतो. म्हणून अंदाजाच्या पाचपट बोली गेली एवढ्यावरून वस्तूचे मोल पाचपट वाढले असे म्हणता येत नाही.

दुसरा आकडा हातोड्याचा, म्हणजे शेवटच्या बोलीचा. ३८,१०० पौंडांत लिलावगृहाची खरीददाराकडून घेतलेली दलाली धरलेली आहे. त्या काळात या रकमेपर्यंत सदबीजची दलाली २७ टक्के होती. ती वजा केली की हातोड्याची बोली ३०,००० पौंड निघते. विकणाऱ्याला ज्या रकमेतून पैसे मिळतात ती ही रक्कम, आणि त्यातूनही विक्रेत्याची दलाली जर ठरली असेल तर ती कापली जाते. वृत्तपत्रांत छापून येतो तो दलालीसह आकडा. वारसांच्या हाती पडणारा आकडा त्याहून बराच कमी असतो.

तिसरा आकडा ३८,१०० पौंडांचे रुपयांतील रूप. त्या वेळच्या विनिमय दराने ते साधारण ४३ लाख रुपये होतात. चौथा आकडा ४७ लाख १५ हजारांचा. त्यात वस्तूची किंमत आणि ती घरी आणण्याचा खर्च एकत्र आहे. अलिबागच्या कोनाड्यातल्या तलवारीशी तुलना करताना वाहतूक आणि विम्याचे चार लाख रुपये मोजण्यात काहीच अर्थ नाही. अशा रीतीने सत्तेचाळीस लाखांचा आकडा पहिल्याच पायरीवर हातोड्याच्या किमतीपर्यंत, म्हणजे सुमारे ३४ लाखांपर्यंत खाली येतो.

लिलावाची किंमत दुसऱ्या माणसाने ठरवलेली असते

लिलावात बोली एकेका पायरीने चढते. सर्वांत उत्सुक खरीददार किती द्यायला तयार होता हे कधीच कळत नाही, कारण त्याला प्रतिस्पर्धी थांबला की त्याहून एक पायरीच जास्त द्यावी लागते. म्हणजे ३०,००० पौंड हा आकडा शासनाच्या तयारीचा नसून, शासनाच्या विरोधात बोली लावणारा दुसरा ग्राहक त्याच्या किंचित खाली थांबला, एवढेच तो सांगतो.

जिथे एका वस्तूसाठी पन्नास ग्राहक असतात तिथे दुसरा आणि पहिला यांत फारसा फरक नसतो. जिथे दोनच ग्राहक असतात तिथे सगळी किंमत त्या दोघांवर अवलंबून असते. त्या दिवशी दुसरा ग्राहक आजारी असता तर तीच तलवार कदाचित ९,००० पौंडांना गेली असती आणि वस्तू मात्र तीच राहिली असती. म्हणून विरळ विक्रीच्या वस्तूंबाबत मूल्यांकन करणारा सर्वप्रथम ग्राहक मोजतो. भोसल्यांच्या नावाच्या दुसऱ्या तलवारीला पुढच्या वर्षी किती जण बोली लावतील? शासनाने एक घेतली आहे, ते दुसरी त्याच तडफेने घेईलच असे नाही. मोठा ग्राहक एकदा तृप्त झाला की पुढची किंमत त्याच्यामागे उरलेल्यांच्या ऐपतीवर येते. एका विक्रमी विक्रीनंतर तशाच दोन-तीन वस्तू बाजारात आल्या आणि त्या निम्म्यात गेल्या, असे होते ते याच कारणाने.

दुसऱ्या टोकाचे उदाहरण टिपू सुलतानाच्या शयनगृहातील तलवारीचे आहे. २३ मे २०२३ रोजी लंडनच्या बॉनहॅम्स लिलावगृहात तिचा अंदाज १५ ते २० लाख पौंड होता आणि ती दलालीसह १ कोटी ४० लाख पौंडांहून अधिक किमतीला गेली. ‘तीही अठराव्या शतकातील हिंदुस्थानी राजाची तलवार, आमचीही तीच’ असा युक्तिवाद ऐकायला मिळतो. परंतु टिपूच्या वस्तूंना ब्रिटन, आखाती देश, अमेरिका आणि भारत या साऱ्या ठिकाणी संग्राहक आहेत आणि १७९९ मध्ये श्रीरंगपट्टण पडल्यावर ती तलवार कोणाच्या हाती गेली याची नोंद होती. मराठा सरदारांच्या शस्त्रांचे ग्राहक मुख्यतः महाराष्ट्रातच आहेत. शतक तेच आणि शस्त्र तेच असले तरी ग्राहकवर्ग निराळा असल्याने टिपूची विक्री येथे तुलनेस घेता येत नाही.

पाया कशावर ठेवायचा?

नावाची तलवार विरळ असली तरी त्या जातीची बिननावी तलवार विरळ नसते. मूल्यांकनाचा पाया तिथे घातला जातो.

रघुजी भोसले यांची तलवार ‘फिरंग’ जातीची आहे. सरळ आणि एकधारी पाते युरोपात घडवलेले, मूठ मात्र एतद्देशीय. पोर्तुगीजांच्या काळापासून अशी पाती पश्चिम किनाऱ्यावरील बंदरांतून येत राहिली. चौलजवळचे रेवदंडा १७४० पर्यंत पोर्तुगीजांच्या ताब्यात होते. त्यामुळे या किनाऱ्यावरच्या जुन्या घरांत फिरंग सापडली तर त्यात आश्चर्य नाही. पात्यावर युरोपीय कारागिरांच्या खुणा असतात, पण त्या खुणांची नक्कल आपल्याकडचे कारागीरही करीत. म्हणून केवळ खुणेवरून पाते परदेशी ठरत नाही.

बिननावी फिरंग देशातल्या आणि परदेशातल्या लिलावांत वारंवार येते. तिच्या पाच-सात विक्री मिळवून त्यांचा दलालीविना सरासरी आकडा काढला की पाया मिळाला. मात्र भारतातल्या वस्तूसाठी भारतातल्याच विक्री घ्याव्या लागतात. त्याचे कारण कायद्यात आहे. पुरावस्तू व कलानिधी अधिनियम, १९७२ नुसार शंभर वर्षांपेक्षा जुनी अशी वस्तू खासगी व्यक्तीला देशाबाहेर नेता येत नाही. लंडनमधली तलवार लंडनमध्ये होती म्हणून जगभरच्या बोलीला उभी राहिली. रेवसच्या घरातली तलवार तिथे जाऊच शकत नाही. तिला ग्राहक देशातलेच मिळणार, आणि देशातले भाव परदेशातल्या भावांशी जुळतीलच असे नाही. पौंडांतली रक्कम रुपयांत बदलून लावणे यासाठीच चुकीचे ठरते.

पाया ठरल्यावर अवस्थेची वजाबाकी येते. अणी मोडलेली आहे का, पात्याला खोल गंज आहे का, मूठ मूळची आहे का, हे पाहावे लागते. हिंदुस्थानी तलवारीचे पाते मुठीत लाख किंवा राळ ओतून बसवलेले असते. ती उष्णतेने मऊ होते आणि पाते निघते, त्यामुळे एका पात्याची मूठ दुसऱ्याला बसवणे सोपे जाते. जुन्या काळीही तसे केले जाई आणि आजचे व्यापारीही करतात. मूठ आणि पाते यांच्या जोडाभोवती ताजी, चकचकीत राळ दिसली किंवा मुठीचे तोंड पात्याच्या रुंदीला नीट बसत नसले, तर शंका घ्यावी.

घरच्याच माणसांनी केलेले नुकसान मात्र सर्वांत मोठे असते. दसऱ्याच्या आधी चिंच, राख किंवा पॉलिशपेपर लावून शस्त्र लखलखीत करण्याची पद्धत अनेक घरांत आहे. त्यात पोलादावर बसवलेले सोन्या-चांदीचे बारीक काम घासून निघून जाते आणि जुनेपणाची खूण असलेला काळसर थर नाहीसा होतो. मूल्यांकन होईपर्यंत वस्तू फक्त कोरड्या मऊ कापडाने पुसावी.

नावाचे मोल

पायाच्या वर जे काही चढते ते नावामुळे. रघुजी भोसले यांच्या तलवारीच्या पात्यावर पाठीच्या कडेला सोन्याने देवनागरी लेख आहे. त्यात रघोजी भोसले हे नाव, सेनासाहेब सुभा ही पदवी आणि फिरंग हा शब्द येतो. ही तलवार नागपुरातून लंडनला कशी पोहोचली याची सलग साखळी मात्र उपलब्ध नाही. १८१७ च्या सीताबर्डीच्या लढाईनंतरच्या लुटीत किंवा भेटीच्या रूपाने ती गेली असावी, असा अंदाजच व्यक्त झाला आहे. म्हणजे येथे वस्तूची ओळख मालकांच्या साखळीवर उभी नसून लेखावर उभी आहे. अशा प्रकरणात लेख खरा की मागाहून कोरलेला, यावर सारे मोल फिरते.

ते पाहण्याची एक सोपी कसोटी भिंगाखाली करता येते. पोलादाला लहान लहान गंजाचे खड्डे पडलेले असतात. सोन्याची रेघ अशा खड्ड्याच्या काठाशी तुटलेली दिसली, तर सोने आधीचे आणि गंज नंतरचा. सोने खड्ड्याच्या आत उतरून त्याच्या तळाला चिकटलेले दिसले, तर गंज आधीचा आणि लेख नंतरचा. दुसरी कसोटी सोन्याखालच्या ओरखड्यांची आहे. कोफ्तगिरीत सोने धरून राहावे म्हणून पोलादावर आधी आडव्या-उभ्या बारीक रेघा पाडतात. त्या रेघा आतून उजळ आणि स्वच्छ असतील तर काम ताजे असण्याची शक्यता अधिक. तिसरी कसोटी अक्षरवळणाची, आणि ती जुन्या देवनागरी व मोडी लिपीच्या अभ्यासकानेच करावी.

लेखाविना केवळ घरातली आख्यायिका असेल तर तिचे मोल किती, याचे उत्तर वाघनखांच्या प्रकरणात मिळते. लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट संग्रहालयातील वाघनखे जुलै २०२४ मध्ये उसनवारीने साताऱ्यात आणण्यात आली. ती छत्रपती शिवाजी महाराजांची असल्याचे साताऱ्याचे रेसिडेंट जेम्स ग्रँट डफ यांच्याशी संबंधित पेटीवर लिहिलेले आहे. असे असूनही, अफझलखान वधाच्या वेळी वापरलेली ती हीच याची खातरजमा करता येत नाही, असे ते संग्रहालय स्वतः सांगते. एवढी जुनी लेखी नोंद असलेल्या वस्तूबाबत जर ही सावधगिरी असेल, तर ‘आजोबा सांगायचे’ एवढ्या पुराव्यावर खरीददार फारसे जास्त पैसे देत नाही. घराण्याच्या जुन्या पत्रात, वाटणीपत्रात किंवा इनामाच्या कागदात त्या शस्त्राचा उल्लेख सापडला, तर मात्र ती आख्यायिका पुरावा होते.

रेवसच्या घरातील तलवार : एक हिशेब

आता एक काल्पनिक प्रकरण घेऊ. त्यातील रकमा केवळ पद्धत समजण्यासाठी मांडल्या आहेत. त्यांना बाजारभाव समजू नये. रेवसजवळच्या एका घरात तीन भावंडांच्या वाटणीत एक फिरंग आली आहे. तिच्या पात्यावर सोन्याची पुसट अक्षरे आहेत. त्यांतील ‘रघोजी’ एवढेच वाचता येते, पुढचा भाग घासून गेला आहे.

सत्तेचाळीस लाखांची बातमी वाचलेल्या माणसाला हे नाव लगेच नागपूरचे वाटेल. परंतु अलिबागच्या परिसरात आणखी एक रघोजी होऊन गेले आहेत. कान्होजी आंग्रे यांचे नातू रघोजी आंग्रे १७५९ ते १७९३ या काळात कुलाब्याचे अधिपती होते. नाव तेच, घराणे वेगळे. फरक कळतो तो पदवीवरून. भोसल्यांच्या नावापुढे सेनासाहेब सुभा येते, आंग्र्यांच्या नावाशी सरखेल. पुसलेल्या भागात यांपैकी कशाचे अवशेष आहेत, हे तिरप्या प्रकाशात छायाचित्र घेतल्यास कधी कधी दिसते. आणि रघोजी हे नाव त्या काळी अनेकांचे होते, त्यामुळे ते कोणा तिसऱ्या, अप्रसिद्ध शिलेदाराचे असण्याचीही शक्यता आहे.

समजा, देशातील लिलावांत अशा जातीच्या बिननावी तलवारींचा दलालीविना पाया ६० हजार निघाला. अणी मोडलेली आणि मूठ सैल म्हणून १० हजार वजा केले, राहिले ५० हजार. येथून पुढे एकच आकडा काढण्याऐवजी तीन शक्यता मांडाव्या लागतात.

पहिली शक्यता अशी की लेख खरा आहे आणि तो आंग्र्यांचा असल्याचे सिद्ध होते. अशा वेळी पायाच्या किती पट धरायचे, हे ठरवण्यासाठी दुसऱ्या विक्रीतील रक्कम न घेता प्रमाण घ्यावे. एकाच बाजारात, एकाच जातीच्या नावाच्या आणि बिननावी शस्त्रांत किती पटींचा फरक पडला, हे शोधायचे. ते समजा तीन ते पाच पट निघाले, तर किंमत दीड ते अडीच लाख, मध्य दोन लाख. दुसरी शक्यता अशी की लेख खरा आहे, पण व्यक्ती ओळखता येत नाही. तेव्हा एक ते दीड पट, म्हणजे ५० ते ७५ हजार, मध्य साडेबासष्ट हजार. तिसरी शक्यता अशी की लेख मागाहून कोरलेला आहे. अशी तलवार बिननावी तलवारीपेक्षाही स्वस्त जाते, कारण पात्याला इजा झालेली असते आणि खरीददाराचा विश्वास उडालेला असतो. ती ३५ हजार धरू.

आता प्रत्येक शक्यतेला वजन द्यायचे. पहिली चारात एक, दुसरी चारात दोन, तिसरी चारात एक असे तज्ज्ञाला वाटले, तर दोन लाखांचा चौथा भाग ५० हजार, साडेबासष्ट हजारांचा निम्मा ३१,२५० आणि ३५ हजारांचा चौथा भाग ८,७५०. एकूण बरोबर ९० हजार. वाटणीसाठी आजच्या माहितीवर धरायची किंमत ही.

या ९० हजारांबद्दल एक गोष्ट ध्यानात ठेवावी लागते. ही तलवार ९० हजारांना कधीच विकली जाणार नाही. ती एक तर ३५ हजारांची आहे, किंवा साठ-सत्तर हजारांची, किंवा दोन लाखांची. नव्वद हजार हे आपल्या अज्ञानाचे मोल आहे, आणि माहिती वाढली की ते बदलते. त्यामुळे लिपीतज्ज्ञाकडून आणि शस्त्रांच्या जाणकाराकडून तपासणी करण्यास पाच-सात हजार खर्च येणार असेल, तर तो वाटणीच्या आधी करणे फायद्याचे असते. तपासणीचा निष्कर्ष किंमत दुप्पट करू शकतो किंवा निम्म्याहून खाली आणू शकतो. पाया काढण्यापुरती व्यापाऱ्याची मदत घ्यावी. मात्र जो व्यापारी वस्तू विकत घेऊ इच्छितो, त्याच्याकडूनच तिचे मूल्यांकन करून घेऊ नये.

तपासणीनंतरही निश्चिती झाली नाही, तर वाटणीपत्रातच त्याची सोय करता येते. एका भावंडाने तलवार ठेवून घ्यावी आणि उरलेल्या दोघांना ९० हजारांच्या हिशेबाने तीस-तीस हजार द्यावेत. त्यासोबत असे कलम घालावे की पुढील ठरावीक वर्षांत, समजा दहा वर्षांत, तलवार जास्त किमतीला विकली गेली तर वरचा फायदा तिघांत वाटला जाईल. पुढे दोन लाख मिळाले तर कोणाला फसवल्यासारखे वाटत नाही. हे कलम कसे लिहावे, हे वकिलाकडून ठरवून घ्यावे.

एकाच वस्तूच्या अनेक किमती

मूल्यांकनाच्या कागदावर रकमेइतकेच महत्त्व प्रयोजनाला असते. विम्यासाठी काढलेली किंमत म्हणजे तशीच दुसरी वस्तू दुकानातून घेण्याचा खर्च, त्यामुळे ती सर्वांत वरची असते. वाटणीसाठी किंवा करासाठी धरायची ती न्याय्य बाजारभावाची, म्हणजे घाई नसलेल्या विक्रेत्याने आणि माहीतगार खरीददाराने मान्य केलेली. आठ दिवसांत पैसे हवेत म्हणून विकायचे तर ती त्याहूनही खाली येते. विरळ वस्तूत हा फरक इतर वस्तूंपेक्षा मोठा असतो, कारण योग्य ग्राहक सापडायला वेळ लागतो. विमा कंपनीसाठी तयार केलेला कागद वाटणीच्या बैठकीत ठेवला जातो तेव्हा वाद होतो तो यामुळेच.

चांगल्या मूल्यांकनाच्या अहवालात वस्तूचे मापे-वजनासह वर्णन आणि सर्व बाजूंची छायाचित्रे, तुलनेला घेतलेल्या प्रत्येक विक्रीची तारीख आणि ठिकाण, ती रक्कम दलालीसह की दलालीविना याचा उल्लेख, आणि कोणती विक्री का वगळली याचे कारण असते. शेवटी एक आकडा नसून पल्ला असतो आणि तो कोणत्या गृहीतकावर उभा आहे ते सांगितलेले असते. ‘अमूल्य ऐतिहासिक ठेवा’ एवढेच शेरे मारून खाली मोठी रक्कम लिहिलेला कागद अहवाल म्हणून स्वीकारू नये.

विक्रीपूर्वी कायद्याची बाजू तपासणेही मूल्यांकनाचाच भाग आहे. अधिनियमाखाली अधिसूचित प्रकारांतील पुरावस्तूंची, मुख्यतः मूर्ती, चित्रे आणि सचित्र हस्तलिखिते यांची, नोंदणी बंधनकारक आहे आणि पुरावस्तू विकण्याचा व्यवसाय करणाऱ्याला परवाना लागतो. आपली वस्तू कोणत्या प्रकारात मोडते याची खात्री नोंदणी अधिकाऱ्याकडून करून घ्यावी. घराचा पाया खणताना वस्तू सापडली असेल, तर प्रश्न वेगळा होतो. १८७८ च्या गुप्तधन अधिनियमानुसार ती जिल्हाधिकाऱ्यांना कळवावी लागते, आणि ते न करता केलेल्या विक्रीची किंमत कितीही मोठी असली तरी तिला तुलनेत स्थान नाही. मालकीचा कागद नसलेल्या वस्तूला चांगला ग्राहक हात लावत नाही, आणि जो लावतो तो त्या जोखमीचे पैसे आधीच किमतीतून कापून घेतो.